छतावर पडणाऱ्या पावसातून जास्तीत जास्त किती वीज निघू शकते?

रिमझिम

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२० साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध छापला होता. पाण्याचा एक थेंब १५ सेंटिमीटरवरून एका खास पट्टीवर सोडला की १०० छोटे एलईडी लागतात, आणि पट्टीची शक्ती दर चौरस मीटरला ५० वॅटपर्यंत जाते, असं त्यात आहे.

त्यावरून मी असा हिशोब केला. छत १०० चौरस मीटर, म्हणजे ५ किलोवॅट. वर्षात पाऊस प्रत्यक्ष पडण्याचे ५०० तास धरले तर २,५०० युनिट होतात. हे खरं असेल तर अशी छतं कुठेच कशी दिसत नाहीत?

मला बाजारात काय मिळतं ते नकोय. यंत्र कितीही अचाट निघालं तरी ज्याच्या पुढे जाता येणारच नाही, असा आकडा हवाय. सगळ्यांनी एकच उदाहरण धरू: छत १०० चौरस मीटर आणि सपाट, जमिनीपासून ६ मीटर उंच, वर्षाचा पाऊस १,००० मिलिमीटर.

---

किरणोत्सुक

पावसाळी दिवसात वीज बरीच कमी होते हो. दाट ढगात माझे पॅनल एरवीच्या पाचव्या हिश्श्यावर येतात, कधी त्याहून खाली. पण पाऊस काचेवरची धूळ धुऊन नेतो, त्यामुळे नंतरच्या उन्हात थोडी भरपाई होते. पॅनलला उतार ठेवा, नाहीतर खालच्या कडेला चिखलाची रेघ बसते आणि तिथले सेल सावलीत जातात.

---

रिमझिम

किरणोत्सुक, माहितीबद्दल आभार, पण प्रश्न पॅनलचा नाही. खुद्द पडणाऱ्या पाण्यातल्या ऊर्जेबद्दल विचारतोय.

---

जलरेषा

छान प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कागदावर नीट काढता येतं. ती बातमी जरा बाजूला ठेवू आणि छतावर मुळात येतं किती ते आधी मोजू. जे आलंच नाही ते कुठलंही यंत्र काढून देऊ शकत नाही.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, म्हणजेच एक किलो पाणी. तुमच्या छतावर वर्षाला १ लाख किलो पाणी येतं. शंभर टन! आकडा ऐकून वाटतं की यात भरपूर दम असणार. पण हे शंभर टन कोणत्या वेगाने येतात, त्यावर सगळं ठरतं.

थेंब हवेतून पडताना हवेचा विरोध वाढत जातो, आणि तो थेंबाच्या वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटरवर थांबतो, दोन मिलिमीटरचा साडेसहावर, आणि पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब ९ च्या आसपास. पावसात सगळ्या आकाराचे थेंब मिसळलेले असतात. बऱ्यापैकी जोराच्या पावसासाठी ७ धरला तर एका किलोमागे अर्धे गुणिले ७ चा वर्ग, म्हणजे २५ ज्यूलच्या जरा आत. १ लाख किलोचे २५ लाख ज्यूल. वीजबिलातलं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं असतं.

म्हणजे थेंबांच्या आदळण्यात वर्षभराची मिळून ०.७ युनिट ऊर्जा आहे. अख्ख्या छताची, अख्ख्या वर्षाची.

आता दुसरा वाटा. पाणी छतावर स्थिरावलं की त्याच्याकडे अजून ६ मीटर उतार शिल्लक असतो. एका किलोमागे ९.८ गुणिले ६, म्हणजे ५९ ज्यूल. वर्षाचे ५९ लाख, म्हणजे १.६ युनिट. दोन्ही मिळून २.३ युनिट. काहीही वाया न घालवणारं आदर्श यंत्र आणलं तरी पडण्यातून मिळणाऱ्या विजेची हद्द हीच.

---

रिमझिम

२,५०० कुठे आणि २.३ कुठे! पण मग तो ५० वॅटचा आकडा आला कुठून? शोधनिबंध खोटा तर नसणार.

---

जलरेषा

अजिबात खोटा नाही. तो आकडा क्षणाचा आहे. थेंब पट्टीवर पसरतो तेव्हा काही मिलिसेकंदांचा विजेचा झटका येतो, आणि त्या झटक्याच्या शिखरावर शक्ती तितकी असते. शिखरावरची शक्ती गुणिले तास, हा हिशोबच करता येत नाही.

तुम्हाला घरीच पडताळा घेता येईल. ताशी २० मिलिमीटर, म्हणजे चांगला दणदणीत पाऊस घ्या. एका चौरस मीटरवर तासाला २० किलो पाणी, किलोमागे २५ ज्यूल, एकूण ५०० ज्यूल. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे सरासरी शक्ती ०.१४ वॅट. ताशी १०० मिलिमीटरची ढगफुटी धरली तरी एका वॅटच्या आतच. जिथे ०.१४ वॅट येतो तिथून ५० वॅट सतत निघणं शक्य नाही.

प्रयोगातला थेंबही बघा. ०.१ मिलिलिटरचा, म्हणजे जवळपास ६ मिलिमीटर व्यासाचा. पावसात एवढे थेंब क्वचितच टिकतात, त्याआधीच फुटतात. १५ सेंटिमीटर पडताना त्याच्यात ०.१५ मिलिज्यूल ऊर्जा येते, आणि त्यातली सुमारे २.२ टक्के विजेत उतरली असं त्यांनीच दिलंय. म्हणजे ३ मायक्रोज्यूल. एलईडी चमकतात ते खरंच, पण डोळ्याला जेमतेम दिसेल इतका वेळ. त्यातला एकच एलईडी २० मिलिवॅटवर सेकंदभर तेवत ठेवायला तसे सहा हजारांहून जास्त थेंब लागतील.

---

तर्कट

जलरेषा, तुमच्या हिशोबात एक मोठी गळती आहे. ढग २ किलोमीटरवर आहे असं धरा. एका किलो पाण्याची तिथली ऊर्जा जवळपास २०,००० ज्यूल. तुमच्या शंभर टनांची मिळून ५४५ युनिट. ऊर्जा नाहीशी होत नाही हे शाळेतच शिकवतात. तुम्ही ०.७ म्हणताय, मग बाकीची ५४४ गेली कुठे? ती छतावरच येत असणार, आपल्याला पकडता येत नाही एवढंच.

---

जलरेषा

तर्कट, ५४५ चा आकडा बरोबर आहे आणि ऊर्जा नाहीशी होत नाही हेही बरोबर. फक्त ती छतापर्यंत येत नाही. मोठ्या थेंबालाही आपला अंतिम वेग गाठायला साधारण २० मीटर पुरतात. त्यानंतरचं सगळं पडणं म्हणजे हवेला ढकलत, घुसळत येणं. ती ऊर्जा वाटेतच हवेच्या उष्णतेत जिरते, आणि इतक्या मोठ्या हवेत पसरते की थर्मामीटरला पत्ताही लागत नाही. ढग २ किलोमीटरवर असो की ५ वर, छताला फरक पडत नाही.

ती ५४५ युनिटं हवी असतील तर पाणी हवेतून पडू न देता, वरच गोळा करून बंद नळीतून खाली आणावं लागेल. डोंगरावर धरण बांधून नेमकं तेच करतात. तिथे डोंगरच छत असतो, क्षेत्र चौरस किलोमीटरात आणि उंची शेकडो मीटर.

---

तर्कट

आणि वादळी पाऊस? सेकंदाला १० मीटरचा वारा असेल तर थेंब तिरपे येतात. त्या आडव्या वेगाचे किलोमागे ५० ज्यूल वेगळे. तुमचे २५ थेट ७५ होतात. तुमची हद्द तिथे मोडली.

---

जलरेषा

हा मुद्दा रास्त आहे, वाऱ्याचा पाऊस माझ्या हिशोबात नाही. सगळा पाऊस तशा वाऱ्यात पडला तर २.३ चे ३.७ होतील. पण ही भर वाऱ्याची आहे, आणि त्याच वाऱ्यात स्वतःची शक्ती दर चौरस मीटरला सुमारे ६०० वॅट असते. ती थेंबांकरवी गोळा करायची हा फार लांबचा रस्ता झाला.

---

मातीचा माणूस

जलरेषांचा २५ ज्यूलचा आकडा दुसऱ्या बाजूने तपासून देतो. माझं काम जमिनीच्या धुपीचं. थेंब आदळून मातीचे कण सुटतात, म्हणून पावसाची ही ऊर्जा आमच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून मोजली जाते. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी १९५८ साली पावसाच्या जोरावरून ऊर्जा काढायचं सूत्र मांडलं. त्यानुसार ताशी १ मिलिमीटरच्या बुरबुरीत किलोमागे १२ ज्यूल, ताशी १० ला २०-२१, आणि ताशी ७६ च्या पुढे आकडा २८ च्या जरा वर थांबतो असं धरतात. म्हणजे २५ हा जोराच्या पावसाचा आकडा झाला. तुमचा पाऊस संथ, रेंगाळणारा असेल तर ०.७ ऐवजी अर्धं युनिटही होणार नाही.

यामागची मोजणी मला फार आवडते. लॉज आणि पार्सन्स यांनी १९४३ साली थेंबांचे आकार पिठावर मोजले होते. विल्सन बेंटली, ज्यांची हिमकणांची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत, त्यांनी ही युक्ती १९०४ मध्येच लिहून ठेवली होती. मी स्वतः करून पाहिलीय. पसरट थाळीत चाळलेलं बारीक पीठ इंचभर पसरायचं, वरचा थर सपाट करायचा पण दाबायचा नाही. झाकण ठेवून थाळी पावसात न्यायची, एक-दोन सेकंद झाकण काढायचं आणि लगेच बंद करायचं. प्रत्येक थेंब पिठात शिरून आपली गोळी करतो. गोळ्या पूर्ण सुकल्या की वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून त्या आकारानुसार वेगळ्या करायच्या. गोळी थेंबापेक्षा थोडी वेगळ्या मापाची होते, म्हणून आधी सुईतून माहीत असलेल्या वजनाचे थेंब सोडून प्रमाण बसवून घ्यावं लागतं.

झाकण जास्त वेळ उघडं राहिलं की दोन थेंबांची एक गोळी होते आणि हिशोब फुगतो. वाटोळ्याऐवजी लांबट, जोडगोळीसारखे गोळे दिसायला लागले की ती थाळी टाकून द्यायची.

---

सर्किटसखी

पट्टीऐवजी दाब पडला की वीज देणाऱ्या पिझो चकत्या लावू असं कुणी म्हणण्याआधी लिहिते, कारण त्या मी लावून पाहिल्यात. ऑसिलोस्कोपवर झटका छान उंच दिसतो आणि माणूस हुरळतो. पण कपॅसिटर भरायला घेतला की तो हलतच नाही.

कारण साधं आहे. दोन मिलिमीटरचा थेंब ४ मिलिग्रॅमचा, आणि चकतीचा हलणारा भाग म्हणू एक ग्रॅमचा. हलकी वस्तू जड वस्तूवर आदळून तिला चिकटली की हालचालीची ऊर्जा वस्तुमानांच्या प्रमाणात उरते. इथे ती अर्धा टक्काही नाही. बाकी सगळी थेंब पसरण्यात, उडण्यात आणि पाण्याच्या आतल्या घर्षणात जाते. थेंब उसळला तर थोडं जास्त मिळतं, पण चित्र बदलत नाही. शिवाय पाऊस सुरू होऊन थोडा वेळ गेला की चकतीवर पाण्याचा थर साचतो, आणि पुढचे थेंब त्या थरावर आपटतात. स्कोपवर झटके बसके आणि रुंद होत गेले की समजायचं, पाणी साचलं.

हाँगकाँगच्या पट्टीत आदळण्याचा जोर नाही, पृष्ठभागावरचा विद्युतभार कामाला येतो, त्यामुळे तिथे हे गणित लागू नाही. पण तिथे दुसरी अडचण आहे. थेंब कधी आणि कुठे पडेल याचा नेम नसतो. शंभर पट्ट्या नुसत्या एकमेकींना जोडल्या तर एकीचा झटका बाकीच्या नव्व्याण्णव भरण्यातच संपतो. म्हणून प्रत्येकीला वीज एकाच दिशेने जाऊ देणारा वेगळा रेक्टिफायर लागतो, आणि मायक्रोज्यूलच्या कमाईत त्यातल्या डायोडचं नुकसानही जाणवतं.

तरी थेंबाचा झटका निरुपयोगी नाही. आदळण्यावरून थेंबाचा आकार सांगणारं यंत्र योस आणि वाल्डफोगेल यांनी १९६७ मध्येच केलं होतं. मोजायला हा झटका भरपूर होतो, दिवा लावायला नाही.

---

पन्हाळी

मी दुसऱ्या वाट्याच्या मागे लागलोय, त्या १.६ युनिटांच्या. छताचं पाणी खाली आणणाऱ्या चार इंची पाइपच्या तळाशी छोटं चक्र बसवलं आणि त्याला सायकलच्या चाकातला हब डायनामो जोडला. जोराच्या सरीत एलईडी मंद लागतो, बाकी वेळ चक्र नुसतं डुगडुगतं. उंची तर भरपूर आहे. पाती बदलू का? की डायनामो जड पडतोय?

---

जलरेषा

पन्हाळी, पात्यांआधी पाइपकडे बघा. पावसाचा पाइप भरून वाहत नाही. पाणी आतल्या भिंतीला चिकटून पातळ पापुद्र्यासारखं उतरतं आणि मधे हवा असते. जे थेंबाचं हवेत होतं तेच इथे भिंतीशी घासून होतं: पाणी एका ठरावीक वेगाला येऊन अडतं आणि उरलेली उंची घर्षणात जाते. तळाशी तुम्हाला ६ मीटरचा दाब मिळतच नाही.

दाब हवा असेल तर वर टाकी आणि तिच्यातून खालपर्यंत पूर्ण भरलेली, बारीक नळी लागेल, शेवटी तोटी. भरली आहे की नाही हे सहज कळतं. तळाशी दाबमापक लावा. ६ मीटरला तो ०.६ बारच्या जवळ दिसला पाहिजे. शून्याशी रेंगाळत असेल तर नळीत हवा आहे. आणि टाकीच्या तोंडाला जाळी हवीच, कारण बारीक तोटी एका पानाने बंद होते.

पण आधी हे गणित करा. हजार लिटरची टाकी ६ मीटरवरून पूर्ण रिकामी केली तर ५९,००० ज्यूल, म्हणजे १६ वॅट-तास. मोबाइलची बॅटरी साधारण तेवढीच असते. एवढ्या लहान चक्रात आणि डायनामोत निम्मी ऊर्जा वाचली तरी ते उत्तम काम. म्हणजे हजार लिटरमागे मोबाइल अर्धा चार्ज.

---

पन्हाळी

पापुद्र्याचं पटलं. पाइपला कान लावला तर खळखळ येते, भरल्यासारखा आवाज नाही. टाकी आहेच वर, तिलाच नळी जोडून दाबमापक लावतो. मोबाइल अर्धा तर अर्धा, एकदा करून बघायचंच आहे.

---

सई

टाकीचा विषय निघालाय म्हणून विचारते. ते पाणी वीज करायला खाली सोडण्यापेक्षा वरच ठेवून वापरलं तर? आपण खालून पाणी पंपाने वर चढवतोच. लहान पंप खातो त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच ऊर्जा पाण्याला मिळते, बाकी गरम होण्यात जाते. हजार लिटर ६ मीटर चढवायला त्यामुळे १६ नाही, ४५-५० वॅट-तास लागतात. तेवढं पाणी पावसाने वरच आणून दिलं तर तेवढी वीज वाचली. वर्षाचं सगळं पाणी धरता आलं तर साडेचार युनिटांच्या पुढे. म्हणजे जलरेषांच्या २.३ च्या हद्दीपेक्षा जास्त!

---

जलरेषा

सई, हे अगदी बरोबर, आणि माझा हिशोब न मोडता बरोबर. पंप जितका वाईट तितकी बचत मोठी. फक्त टाकी छताच्या खाली आणि वापराच्या नळांच्या वर बसली पाहिजे. छतावरच ठेवलेल्या टाकीत छताचं पाणी आपोआप जात नाही. आणि सगळं पाणी धरणं कठीण, कारण मोठ्या सरीत टाकी पहिल्या काही मिनिटांतच भरून वाहते.

---

किरणोत्सुक

आता प्रश्न कळला. मग माझ्या पॅनलवर ती थेंबाची पट्टी पारदर्शक करून लावली तर? ऊनही आणि पाऊसही. असे जोड-पॅनल प्रयोगशाळेत केलेत असं वाचलंय.

---

सर्किटसखी

केलेत. पण तुमच्याच छताचा हिशोब करा. १०० चौरस मीटर पॅनलनी भरलं तर चांगल्या उन्हाच्या जागी वर्षाला २०,००० युनिटांच्या पुढे जातं. वरच्या थराने एकच टक्का प्रकाश अडवला तर २०० युनिट गेली. पावसाकडून आदर्श स्थितीत परत मिळणार ०.७. काचेवर वाढीव काही लावायचं असेल तर त्याने प्रकाश अजिबात अडता कामा नये, आणि असा थर अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

---

तर्कट

तुम्ही सगळे पडण्याचं बोलताय. मी गारव्याचं बोलतो. उन्हात तापलेल्या स्लॅबवर थंड पाऊस पडतो, स्लॅब १० अंशांनी निवतो. १२ सेंटिमीटर जाड काँक्रीट, १०० चौरस मीटर. त्यातून निघणारी उष्णता मोजा: ७० युनिट! एका पावसात! तापमानाच्या फरकावर वीज करणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक पट्ट्या मिळतात. मग २.३ ची हद्द कसली?

---

जलरेषा

७० युनिट उष्णता, हो. पण १० अंशांच्या फरकात तिचा फार छोटा वाटा विजेत बदलता येतो. स्लॅब निवत जातो आणि पाणी तापत जातं, तसतसा फरकही मिटतो. आदर्श यंत्रालाही त्यातून एक युनिटाच्या आतच मिळेल, आणि थर्मोइलेक्ट्रिक पट्टीला त्याचा पाचवा-दहावा हिस्सा. शिवाय एवढी उष्णता घ्यायला ६० मिलिमीटर पाऊस एका दमात पडावा लागतो, साध्या सरीत ते होत नाही. आणि ही ऊर्जा उन्हाची आहे. पावसाने फक्त थंड बाजू पुरवली.

---

तर्कट

थंड बाजूशिवाय यंत्र चालतं का? नाही ना? मग तिचं श्रेय पावसाला का नको? रिमझिम यांनी 'पावसातून जास्तीत जास्त' असं विचारलंय, 'पावसाच्या पडण्यातून' असं नाही. असे दहा-बारा जोरदार पाऊस उघडिपीनंतर झाले तर आदर्श यंत्राचा वर्षाचा आकडा २.३ च्या वर जातो, हे तुमच्याच आकड्यांवरून.

---

मातीचा माणूस

तर्कट यांच्या बाजूने थोडं बोलतो. पावसाचं पाणी जमिनीजवळच्या हवेच्या ओल्या-फडक्याच्या तापमानाच्या आसपास येतं, म्हणजे कोरड्या हवेपेक्षा थंड. तो गारवा थेंबाने पडता पडता बाष्पीभवनाने कमावलेला असतो, म्हणजे काही अंशी तो पावसाचाच. मात्र पाऊस लागून राहिला की हवा ओली होते आणि हा फरक फार उरत नाही.

---

रिमझिम

सगळ्यांचे आभार. पडण्याची हद्द २.३, वारा धरला तर थोडी वर, आणि बुरबुरीत त्याहून खाली, इतकं पक्कं समजलं. गारव्याचं मात्र कागदावर मिटणार नाही असं दिसतंय. मातीचा माणूस, स्लॅबच्या पोटात, वरच्या थरात आणि वाहून जाणाऱ्या पाण्यात असे तीन थर्मामीटर ठेवले तर एका सरीत नेमकी किती उष्णता गेली ते काढता येईल का? पाण्याचा प्रवाह मोजायला काय वापरू?

---

मातीचा माणूस

काढता येईल. प्रवाहासाठी पन्हाळीच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली पत्र्याची आडवी फळी लावा आणि खाचेतली पाण्याची उंची दर मिनिटाला लिहा. खाच नव्वद अंशांची ठेवा, तिचं सूत्र तयार मिळतं. वाचन फळीला चिकटून घेऊ नका. तिथे पाणी खाली झुकलेलं असतं, म्हणून जरा मागे, पाणी शांत असेल तिथे पट्टी उभी करा.